बंबाचं तोंड

गेल्या रविवारी माळा आवरताना आजीचा तांब्याचा बंब सापडला. माळ्यावरून खाली उतरवताना दोघांचे हात काळे झाले, आणि बायकोने "आता हा घासणार कोण?" असा प्रश्न टाकला, ज्याचं उत्तर तिला माहीत होतं. तर चिंच-मीठ घेऊन मी बसलो. घासता घासता एक गोष्ट लक्षात आली, जी लहानपणी रोज बघूनही कधी जाणवली नव्हती. या बंबाला तोटी नाहीये.

तोटीवाले बंबही असतात, नाही असं नाही. आमचा मात्र दुसऱ्या जातीचा. मधून धुराची नळी, खाली जाळी आणि निखारे, भोवती पाणी. एका बाजूला नरसाळ्यासारखं तोंड, त्यातून ओतलेलं गार पाणी थेट तळाशी जातं. दुसऱ्या बाजूला वरच्या अंगाला एक वाकडी चोच. तांब्याभर गार ओतलं की चोचीतून तांब्याभर कढत बाहेर. बादली चोचीखाली ठेवायची आणि हवं तेवढं गार ओतत राहायचं. आजीचे दोनच नियम होते. बंब रिकामा पेटवायचा नाही (सांधे सुटतात), आणि चोचीत बोळा घालायचा नाही. दुसरा नियम का होता ते कळायला मला अभियांत्रिकीची पदवी, एक जर्मनीवारी आणि स्वयंपाकघरात झालेला एक स्फोट एवढं सगळं लागलं. ती गोष्ट आज सांगतो.

आधी स्फोट.

२००६ चा डिसेंबर. आम्ही तेव्हा एका इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचो. स्वयंपाकघरात सिंकच्या वर ३ लिटरचा, ३ किलोवॅटचा 'इन्स्टंट' गीझर होता. (खरं म्हणजे ३ लिटरवाला गीझर इन्स्टंट नसतोच, ती एक छोटी टाकी असते आणि ती लवकर तापते इतकंच. पण दुकानात त्याला इन्स्टंट म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.) सकाळी साडेपाचला आईने बटण दाबलं आणि दुधाची पिशवी घ्यायला दाराशी गेली. दोन-अडीच मिनिटांत फट्कन आवाज. परत येऊन बघते तर गीझरचं प्लास्टिकचं आवरण उकललेलं, आतल्या टाकीचा सांधा फाटलेला, आणि जिथे ती रोज उभी राहून भांडी विसळते त्या ओट्यावर वाफाळतं पाणी. आईला काही झालं नाही. दूधवाला दोन मिनिटं उशिरा आला असता तर काय, हा विचार मी अजूनही फार लांबवर नेत नाही.

दुरुस्तीला आलेल्या माणसाने "पाणी क्षाराचं आहे साहेब, टाकी गंजली" असं निदान केलं. मी ते मानलंही असतं. पण फाटलेली टाकी मी उलटसुलट करून पाहिली, तर गंज कुठेच नव्हता. सांधा बाहेरच्या बाजूला फुगून मग फाटला होता. गंजलेली टाकी गळते, हो ना? फुगत नाही. म्हणजे आत दाब झाला होता. मग प्रश्न असा, की ३ लिटर साध्या पाण्याने, तेही उकळायच्या आधी, एवढा दाब आणला कुठून?

आमच्या धंद्यात असा बग सापडला की पहिला प्रश्न असतो, "शेवटचा बदल काय केला?" गीझर चार वर्षं जुना. चार वर्षं चालला, मग त्या आठवड्यात काय वेगळं झालं? झालं होतं असं, की त्याच आठवड्यात आम्ही प्रेशर पंप बसवला होता. वरचा मजला असल्यामुळे गच्चीवरची टाकी जेमतेम चार मीटर वर. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार, तेव्हा आमच्या नळाला मिळायचे ०.४ बार. शॉवर म्हणजे नुसती शिंपडणी. म्हणून पंप.

पंप बसवला आणि गीझर फुटला, म्हणजे पंपाच्या दाबाने फुटला, असं कोणीही म्हणेल. मीही म्हटलं. पण पंपाच्या कागदावर त्याचा बंद स्थितीतला जास्तीत जास्त दाब २ बारच्या आसपास लिहिला होता, आणि गीझरच्या पट्टीवर ०.६५ मेगापास्कल, म्हणजे ६.५ बार. हिशोब जुळेना. दोषी पंप खराच, पण त्याचा जोर दोषी नव्हता. दोषी होती त्याच्या आतली एक छोटीशी झडप, पाणी उलटं जाऊ न देणारी. प्लंबर तिला एनआरव्ही म्हणतात. ती असते हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

आता गीझरच्या दुसऱ्या टोकाकडे या. गरम पाण्याच्या बाजूला प्लंबरने एक बॉल व्हॉल्व्ह लावला होता. का? तर गीझर चालू केला की नळातून टपटप पाणी यायचं आणि आई वैतागायची. "काका, हे गळतं बघा", "लावतो ना ताई, एक कॉक लावून टाकतो". विषय संपला. चार वर्षं गळलं नाही.

ती टपटप म्हणजे गळती नव्हतीच, गंमत इथे आहे. पाणी तापलं की फुगतं. १८ अंशांचं पाणी ६० अंशांवर नेलं तर त्याचं आकारमान साधारण दीड टक्क्याने वाढतं. दीड टक्का ऐकायला काहीच नाही, पण ३ लिटरचा दीड टक्का म्हणजे ४५ मिलिलिटर, अर्धा कटिंग चहा. ३ किलोवॅटच्या कॉइलला तेवढं तापवायला तीन मिनिटंही लागत नाहीत. म्हणजे दर वेळी बटण दाबलं की तीन मिनिटांत अर्धा कटिंग पाणी टाकीतून बाहेर पडायला जागा शोधतं. आजीच्या बंबात ते चोचीतून ठिबकायचं. आमच्या गीझरमधून ते नळातून ठिबकत होतं. तो नळ बंद केल्यावर ते कुठे गेलं? उलटं, आल्या वाटेने, गच्चीवरच्या टाकीकडे. चार वर्षं आमचा गीझर गार पाण्याच्या नळीतून श्वास सोडत होता, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मग पंप आला. पंपातल्या झडपेने ती वाटही बंद केली. एका टोकाला बॉल व्हॉल्व्ह, दुसऱ्या टोकाला एनआरव्ही, मध्ये तापणारं पाणी. पाणी दाबता येत नाही, शाळेत शिकवतात तसं. (येतं, पण नावापुरतं.) टाकी जर अजिबात न वाकणारी असती, तर कोंडलेल्या पाण्याचं तापमान एका अंशाने वाढलं तरी दाब ४ ते ८ बारने वाढतो. परत वाचा: एका अंशाने! खरी टाकी थोडी ताणली जाते, प्लास्टिकच्या नळ्याही ताणल्या जातात, कुठेतरी हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, कुठला तरी वॉशर जरासा पाझरतो, म्हणून प्रत्यक्षात एवढं होत नाही. पण ६.५ बारची मर्यादा ओलांडायला ४० अंश लागत नाहीत, एवढं नक्की. काही पंपांना एक छोटी फुग्याची टाकी असते, तिच्यात हा अर्धा कटिंग मावून जातो. आमचा पंप स्वस्तातला, बिनफुग्याचा.

आणि सकाळ. दिवसा घरातला कुठलाही नळ कोणी उघडला की साठलेला दाब तत्क्षणी उतरतो, मग तो बाथरूमचा का असेना. पहाटे साडेपाचला कोणीच उठलेलं नव्हतं.

"आमच्याकडे दहा वर्षं गरम नळाला कॉक आहे, काही झालं नाही" असं म्हणणारे मला अनेक भेटतात. खोटं बोलत नसतात ते. त्यांचाही गीझर मागच्या दाराने श्वास घेतोय, एवढंच. ते दार एखाद्या दिवशी दुसराच कोणीतरी, दुसऱ्याच कारणासाठी बंद करेल.

असो. इथून इतिहासाकडे वळतो, कारण त्यानंतर मला या विषयाचं वेडच लागलं, आणि लक्षात आलं की हाच बग माणसाने निदान दोनशे वर्षं पुन्हा पुन्हा लिहिलाय.

८ सप्टेंबर १८०३, लंडनजवळचं ग्रीनिच. रिचर्ड ट्रेविथिकच्या उच्च दाबाच्या वाफेच्या इंजिनांपैकी एक तिथे पाणी उपसायच्या कामाला होतं. ते फुटलं आणि चार माणसं मेली. ट्रेविथिकने स्वतः एका पत्रात हकीकत लिहून ठेवली आहे. इंजिन सांभाळणारा पोरगा पाया खणलेल्या जागी वाम मासे पकडायला गेला होता, आणि इंजिन एका मजुराच्या भरवशावर. इंजिन फार जोरात पळतंय असं वाटून मजुराने ते थांबवलं, पण वाफ सोडणाऱ्या झडपेचा दांडा एका पान्याने दाबून ठेवलेला होता, तो काही त्याने काढला नाही. इंजिन थांबलं, म्हणजे वाफेची नेहमीची वाट बंद. झडप दाबलेली, म्हणजे दुसरी वाटही बंद. खाली जाळ चालूच. थोड्याच वेळात बॉयलर गेला.

त्या पान्यात आणि आमच्या बॉल व्हॉल्व्हमध्ये मला तरी काही फरक दिसत नाही. दोन्ही कोणीतरी "जरा त्रास होतोय" म्हणून लावलेले.

यानंतर ट्रेविथिकने बॉयलरला दोन झडपा द्यायला सुरुवात केली, आणि शिवाय शिशाची एक गुडदी. पाणी कमी होऊन बॉयलर भलता तापला तर शिसं वितळून भोक मोकळं व्हावं म्हणून. आपल्याकडच्या बऱ्याच गीझरांच्या टाकीला जो 'फ्युजिबल प्लग' असतो, तो याच गुडदीचा पणतू. मी हा मुद्दाम सांगतोय, कारण "आमच्या गीझरला सेफ्टी प्लग आहे" हे वाक्यही मी ऐकलंय. आमच्या गीझरलाही होता. फुटल्यावर तो मी काढून पाहिला, अगदी कोरा करकरीत. त्याचं काही चुकलं नव्हतं. तो तापमान बघतो, दाब बघत नाही, आणि आमची टाकी फाटली तेव्हा पाणी धड उकळलंही नव्हतं.

इंग्लंडमध्ये पुढे हा प्रकार कारखान्यातून घरात आला. एकोणिसाव्या शतकात सुखवस्तू घरांच्या चुलीमागे लोखंडी पेटी बसवायचे, तिच्यातलं पाणी तापून नळ्यांनी वरच्या टाकीत जायचं आणि गार पाणी खाली यायचं. उत्तम सोय. पण कडाक्याच्या थंडीत रात्री नळ्यांमधलं पाणी गोठायचं. सकाळी मोलकरीण उठून चूल पेटवायची, तिला बिचारीला काय माहीत की चुलीमागच्या पेटीच्या दोन्ही वाटांना बर्फाची बुचं बसली आहेत. स्वयंपाकघर उडायचं. काही ठिकाणी बर्फाचीही गरज पडली नाही, दुरुस्तीच्या सोयीसाठी नळ्यांवर कॉक बसवलेले असायचे आणि दुरुस्तीनंतर ते उघडायचे राहून जायचे.

या अनुभवातून तिकडे एक नियम पक्का झाला: गरम पाण्याच्या टाकीवरून एक नळी थेट वर, छतातल्या गार टाकीच्याही वर न्यायची, तिचं तोंड उघडं ठेवायचं आणि तिच्यावर कुठेही, कशासाठीही कॉक बसवायचा नाही. हा नियम ब्रिटिश इतका घट्ट धरून बसले की उघड्या नळीशिवायच्या, कोंडलेल्या दाबाच्या गरम टाकीला इंग्लंडमध्ये परवानगी मिळाली ती थेट १९८५ च्या बांधकाम नियमांत, तीही तापमान आणि दाब दोन्ही बघणाऱ्या वेगवेगळ्या झडपांची रांग लावल्यावरच. आपल्याकडे जुन्या बंगल्यांच्या गच्चीवर टाकीच्या वर वाकलेली एक उगाच नळी दिसते ना, ती हीच. (आमच्या एका नातेवाइकांनी ती "कावळे बसतात" म्हणून बूच मारून बंद केली होती. मी ते बूच काढलं, त्यावरून त्यांचं माझं अजून धड बोलणं नाही.)

'इन्स्टंट' या कल्पनेचा मूळपुरुष मात्र वेगळा. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉघन नावाच्या रंगारी माणसाने गॅसवर चालणारं एक यंत्र काढलं. वरून गार पाणी नळ्यांतून खाली यायचं, खालून गॅसच्या ज्वाळेची गरम हवा वर जायची, आणि तळाशी कढत पाणी सरळ टबात पडायचं. आइसलंडच्या उष्ण झऱ्यावरून त्याने याला 'गीझर' नाव दिलं. आपल्या बाथरूममधला शब्द तिथून आला. त्या यंत्रात दोष भरपूर होते, मुख्य म्हणजे धूर बाहेर न्यायची नळीच नव्हती, त्यामुळे अंघोळ बेतानेच करावी लागत असणार. पण फुटण्याच्या बाबतीत त्याची रचना आजीच्या बंबासारखीच होती. पाण्याला आत यायला नळ, बाहेर पडायला उघडं तोंड. सगळा ताबा येणाऱ्या पाण्यावर.

विजेच्या छोट्या गीझरांनी हीच युक्ती उचलली. ती मला पहिल्यांदा नीट दिसली जर्मनीत. २००८ मध्ये ऑनसाइट गेलो होतो, ऑफिसच्या चहाच्या खोलीत सिंकखाली एक छोटा गीझर होता. सवयीप्रमाणे मी वाकून त्याची पट्टी वाचली (आईच्या प्रसंगानंतर मी जिथे जातो तिथे गीझरच्या पट्ट्या वाचतो, हसा हवं तर). त्यावर दाबाची मर्यादा लिहिली होती: ० मेगापास्कल.

शून्य! मला वाटलं छपाईची चूक. शून्य दाब सहन करणारं भांडं शहराच्या पाच-सहा बारच्या पाण्याला जोडणार कसं? मग नळाखाली पाहिलं तर दोनाऐवजी तीन नळ्या. आणि तिथे सगळा उलगडा झाला. शहराचं गार पाणी आधी नळाकडे येतं, गीझरकडे नाही. गरम पाण्याची मूठ फिरवली की नळ ते गार पाणी दुसऱ्या नळीतून खाली गीझरमध्ये सोडतो. ते गीझरच्या तळाशी जातं, वरचं गरम पाणी ढकलतं, आणि ते तिसऱ्या नळीतून, मध्ये एकही झडप नसलेल्या वाटेने, थेट नळाच्या चोचीतून बाहेर पडतं. म्हणजे आपण 'गरम' लिहिलेली मूठ फिरवतो, पण उघडतो गार पाणी. बंबच की हो. नरसाळं आणि चोच, फक्त नरसाळ्याला मूठ लावलेली.

मूठ बंद असताना गीझर शहराच्या पाण्यापासून पूर्ण तुटलेला आणि हवेला उघडा, म्हणून त्याच्यात दाब शून्य. पट्टीवर बरोबरच लिहिलं होतं. असं भांडं पातळ, स्वस्त, प्लास्टिकचंसुद्धा करता येतं, कारण त्याने दाब झेलायचाच नाहीये. अशा गीझरच्या चोचीवर कॉक लावणं म्हणजे बादलीला झाकण वेल्ड करून तिला प्रेशर कुकर म्हणण्यासारखं आहे.

पण एक फट राहते. मूठ पूर्ण उघडली आणि सहा बारचं पाणी धाडकन आत घुसलं तर? चोचीतून जेवढं बाहेर पडू शकतं त्याच्यापेक्षा जास्त आत आलं, तर तेवढ्या वेळापुरता आत दाब चढणारच. म्हणून येणाऱ्या वाटेवर मुद्दाम अडथळा असतो, बारीक भोकाची एक चकती. आत यायची वाट अरुंद, बाहेर जायची रुंद. सगळा दाब त्या भोकापाशीच खर्च होतो आणि टाकीला फक्त वाहतं पाणी मिळतं. गरम पाण्याची धार बारीक का, म्हणून लोक ही चकती काढून फेकतात. किंवा उलटं करतात, चोचीला फेस आणणारी जाळी लावतात, हँडशॉवर लावतात, नळी जोडून तिच्या टोकाला बटण लावतात. क्षार साठून जाळी अर्धी बुजली की तोच कॉक झाला, फक्त हळूहळू लागलेला.

चकतीचा दुसराही उपयोग आहे. ३ किलोवॅटच्या कॉइलला वाहतं पाणी २५ वरून ४० अंशांवर न्यायचं असेल तर ती मिनिटाला ३ लिटरच्या आतबाहेरच नेऊ शकते, भौतिकशास्त्र यापुढे जाऊ देत नाही. त्यापेक्षा मोठी धार म्हणजे कोमट धार. म्हणजे भोक मोठं करून आपल्याला गरम पाणी जास्त मिळत नाही, गार पाणी जास्त मिळतं. आणि टाकीचं आयुष्य जातं ते वेगळंच.

ताबा येणाऱ्या बाजूला असण्याचा आणखी एक फायदा मला नंतर उमगला. वाहतं पाणी झटकन अडवलं की नळीत ठोका बसतो, आपण ऐकतोच. लोखंडी नळीत सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं पाणी एकदम थांबवलं तर सुमारे १३ बारचा धक्का तयार होतो, प्लास्टिकच्या नळीत बराच कमी. हा धक्का कॉकच्या अलीकडे बसतो. कॉक गीझरच्या आधी असेल तर तो नळीने खाल्ला. कॉक गीझरच्या नंतर असेल तर मध्ये गीझर उभा आहे.

ब्रिटनमध्ये भिंतीवरचे विजेचे शॉवर याच तत्त्वावर चालतात, आणि तिथे एक विनोदी पण प्रामाणिक सोय असते. आत एक छोटी गोटी बसवलेली असते. शॉवरची नळी पिळली गेली किंवा शॉवरचं तोंड क्षाराने बुजलं की दाब वाढून ती गोटी फट्दिशी उडते आणि खालून पाणी वाहायला लागतं. बहुतेक मॉडेलांत ती एकदा उडाली की परत बसत नाही, नवीन आणावी लागते. नवी बसवून पुन्हा उडाली तर गोटीला शिव्या द्यायच्या नाहीत, शॉवरचं तोंड साफ करायचं.

आता सगळ्यात वाईट शक्यता, जी आमच्या घरी घडली नाही. समजा टाकी मजबूत निघाली, फाटली नाही, आणि थर्मोस्टॅट चिकटून बसला. उघड्या चोचीच्या गीझरमध्ये याचा परिणाम म्हणजे १०० अंशांना वाफ फुसफुसत बाहेर, आवाज, घाबरगुंडी, बटण बंद. कोंडलेल्या टाकीत मात्र पाणी १०० ला उकळतच नाही. ८ बारच्या दाबाखाली ते १७५ अंशांपर्यंत पाणीच राहतं, आणि ३ किलोवॅटच्या कॉइलला ३ लिटर तिथवर न्यायला दहा-अकरा मिनिटं पुरतात. मग टाकी फाटली की दाब एका क्षणात उतरतो, आणि ते पाणी आता पाणी राहू शकत नाही. त्यातल्या साधारण सातव्या हिश्श्याची तत्क्षणी वाफ होते. ३ लिटरचा सातवा हिस्सा म्हणजे चारशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्याची वाफ सातशे लिटर जागा मागते. बंद स्वयंपाकघरात. आमची टाकी कमकुवत निघाली आणि साठ अंशांच्याही आत फाटली, याबद्दल मी तिच्या अनामिक वेल्डरचा ऋणी आहे.

तेव्हा तुमच्या घरी काय करायचं? आधी पट्टी वाचा. सगळे इन्स्टंट गीझर उघड्या तोंडाचे नसतात. काहींची टाकी नळाचा दाब सोसायला बांधलेली असते, त्यांच्या गरम वाटेवर मिक्सर चालतो, पण मग दाब सोडणारी झडप टाकीला असायलाच हवी, आणि तिच्या नळीवर कॉक नको. पट्टीवर ६.५ बार असेल तर तो नळीतल्या पाण्याचा सगळा दाब धरून आहे हे लक्षात ठेवा. वीस मजली इमारतीत तळमजल्याला नुसत्या उंचीचेच सहा बार होतात. माहितीपत्रकात "बाहेरची वाट मोकळी ठेवा" असं असेल तर ते अक्षरशः घ्या. मग कॉक फक्त येणाऱ्या बाजूला, आणि जाणाऱ्या बाजूला नुसती नळी.

ओळखायची सोपी खूण म्हणजे तीच टपटप. पाणी न वापरता गीझर चालू करा आणि गरम चोचीखाली वाटी ठेवा. ३ लिटरच्या गीझरखाली तीनेक मिनिटांत अर्धा कटिंग पाणी जमलं आणि मग थांबलं, तर सगळं ठीक आहे. बटण बंद असतानाही ठिबकत राहिलं, तर येणाऱ्या कॉकचा वॉशर गेलाय, तो बदला. आणि गीझर तापतोय पण एक थेंबही पडत नाही, असं असेल तर ते पाणी दुसरीकडे कुठेतरी जातंय. कुठे, ते शोधा. मध्ये कोणी पंप, सॉफ्टनर, नवा मीटर बसवला असेल तर आजच शोधा, यातल्या कशातही ती उलटी न जाऊ देणारी झडप असू शकते.

आम्ही नवीन गीझर आणला तेव्हा तोच प्लंबर आला. मी त्याला कॉक गार बाजूला लावायला सांगितलं. त्याने लावला, गीझर चालू केला, आणि चोचीतून टपटप सुरू झाली.

"साहेब, हे गळतंय," तो म्हणाला. "एक कॉक लावून देऊ?"

आईने खाली वाटी सरकवली आणि म्हणाली, "राहू दे. गळू दे त्याला."

बंब घासून झालाय. चोचीत कोळ्याचं जाळं होतं, तेवढं काडीने काढलं.